दोन लाइट शिल्लक असताना गाडी पेट्रोलवर का येते? सीएनजीच्या स्विचचं आणि गेजचं गणित

सीएनजी गाडी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. स्विचवर दोन हिरवे लाइट मस्त जळतायत, म्हणजे निम्मा गॅस असणार असं आपण धरून चालतो, आणि चढावर ॲक्सिलेटर दाबला की बीप बीप आणि गाडी पेट्रोलवर. किंवा बरोब्बर उलटं, लाल लाइट लागून बराच वेळ झाला, आता जाईल मग जाईल म्हणून वाट बघतोय तर गाडी आपली गॅसवर पळतेच आहे. मग सेन्सर गेला, किट गंडलं, ट्यूनिंग करून घे असे सल्ले सुरू होतात. बऱ्याचदा काहीच गेलेलं नसतं. ते लाइट दाखवणारा सेन्सर वेगळा असतो आणि गाडी पेट्रोलवर कधी आणायची हे ठरवणारा सेन्सर वेगळा असतो, आणि या दोघांचा एकमेकांशी फारसा काही संबंध नसतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की स्विचची निम्मी कोडी तिथेच सुटतात.

मी इथे मुख्यतः नंतर बसवलेल्या सिक्वेन्शियल, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या किटबद्दल बोलतोय, कारण स्विच, लाइट आणि सेटिंगचा घोळ तिथेच जास्त असतो. कंपनी फिटेड गाडीत काम साधारण याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे बरेचदा पेट्रोल आणि गॅस दोन्ही एकच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो आणि सेटिंगला कोणी बाहेरचा हात लावत नाही. नंतर बसवलेल्या किटमध्ये गॅसचा वेगळा ईसीयू असतो. गाडीचा मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टरला किती वेळ उघडायचं ते सांगतो, गॅसचा ईसीयू तो सिग्नल मध्येच पकडतो, पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवतो, आणि तेवढ्याच कामासाठी गॅसचा इंजेक्टर किती वेळ उघडायला लागेल हा हिशोब करून तो उघडतो. मूळ ईसीयूला बिचाऱ्याला वाटत असतं की आपण पेट्रोलच जाळतोय. हे लक्षात ठेवा, शेवटी पेट्रोलच्या काट्याबद्दल बोलताना परत लागणार आहे.

आता चावी फिरवल्यापासून बघू. थंड गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि स्विचवरचा लाइट लुकलुकत राहतो. लुकलुकणं म्हणजे बिघाड नाही, "मला गॅसवर जायचंय पण अजून अटी पूर्ण झाल्या नाहीत" असा त्याचा अर्थ. अटी साधारण तीन. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे रिड्युसरचं तापमान. सिलेंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंत दाबून भरलेला असतो आणि इंजेक्टरला तो फक्त २ बारच्या आसपास लागतो, हा दाब उतरवायचं काम रिड्युसरचं. एवढा दाब एकदम उतरला की गॅस प्रचंड थंड होतो, इतका की रिड्युसर गरम ठेवला नाही तर त्यातले रबराचे डायफ्राम कडक होतात, ओलावा असेल तर बर्फ धरतो आणि बाहेर येणारा दाब वरखाली व्हायला लागतो. म्हणून इंजिनच्या कूलंटचा एक पाइप रिड्युसरमधून फिरवलेला असतो. ते पाणी गरम होईपर्यंत थांबायचं एवढाच पेट्रोलवर स्टार्ट करण्यामागचा मोठा हेतू. बहुतेक किटला हे तापमान ३० ते ४५ अंशांच्या मध्ये कुठेतरी सेट केलेलं असतं.

दुसरी अट वेळेची. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंद जाऊ द्यायचे, गाडी गरम असली तरी. तिसरी अट आरपीएमची, म्हणजे इंजिनाने एकदा ठरावीक आरपीएम ओलांडायला हवं, समजा १६००, आणि काही किटमध्ये तर ते ओलांडून परत खाली येताना, म्हणजे ॲक्सिलेटर सोडताना चेंजओव्हर होतं, म्हणजे गाडी पेट्रोलवरून गॅसवर जाते. त्यामुळे काय होतं, सकाळी गाडी सुरू करून जागेवरच आयडलवर दहा मिनिटं उभी ठेवली तरी लाइट लुकलुकतच राहतो आणि माणूस वैतागतो, आणि मग गाडी हलवून पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकली की लगेच गॅसवर. किट गरम झालंच होतं, फक्त आरपीएमची वाट बघत होतं. थंड गाडीत बटण परत परत दाबूनही उपयोग नसतो, कारण त्या बटणाने आपण फक्त "गॅस हवाय" किंवा "पेट्रोलच राहू दे" एवढंच सांगतो, अटी मोडायचा अधिकार त्या बटणाला नाही. बऱ्याच किटमध्ये बटण दाबून धरून चावी फिरवली तर थेट गॅसवर स्टार्ट घ्यायची सोय असते खरी, पण ती पेट्रोलचा पंप बंद पडला तर घरी पोचण्यापुरती. रोज पेट्रोल वाचवायला ती वापरणं म्हणजे थंड रिड्युसरची वाट लावणं.

अटी पूर्ण झाल्या की मागून आणि पुढून बारीकसा "टक" आवाज येतो, तो गॅसच्या लाइनवरचे, विजेवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडल्याचा. आधी पाइपात गॅसचा दाब भरतो आणि मग सिलेंडर एकामागोमाग एक गॅसवर जातात, चारही एकदम नाही. इंजिनाचे सिलेंडर म्हणतोय मी, डिकीतला नव्हे. एकेक करून नेल्यामुळे झटका कमी बसतो. आणि हो, इथेसुद्धा एक सेटिंग आहे ज्याचा त्रास बरेच जण उगाच सोसत राहतात: गॅस सुरू होणं आणि पेट्रोल बंद होणं यात थोडा ओव्हरलॅप ठेवता येतो. ओव्हरलॅप अगदीच कमी असेल तर गॅस इंजेक्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या पाइपातून गॅस पोचायच्या आधीच पेट्रोल बंद होतं आणि गाडी क्षणभर रिकामी झाल्यासारखी आचका देते. जास्त असेल तर दोन्ही इंधनं एकदम मिळतात आणि इंजिन गुदमरल्यासारखं दबतं. तर गाडी फक्त चेंजओव्हरच्या क्षणाला झटका मारत असेल आणि आधी नंतर दोन्हीकडे छान चालत असेल तर ट्यूनिंगवाल्याला "पूर्ण मॅपिंग करा" म्हणू नका, चेंजओव्हरचा टाइम आणि ओव्हरलॅप बघायला सांगा.

चेंजओव्हरला आधीपेक्षा फारच वेळ लागायला लागला, म्हणजे पूर्वी दोन-तीन मिनिटांत जायची आणि आता पंधरा मिनिटं झाली तरी पेट्रोलवरच, तर बहुतेक वेळा दोष गॅसमध्ये नसून पाण्यात असतो. कूलंट कमी झालंय, किंवा काम करताना लाइनमध्ये हवा अडकलीय, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकल्यामुळे इंजिनच नीट गरम होत नाहीये. ओळखायचं सोपं आहे. इंजिन चांगलं तापल्यावर गाडी बंद करून बोनेट उघडा आणि रिड्युसरला जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या पाइपांना सांभाळून, फडक्याने, हात लावून बघा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि एक गार असेल तर पाणी फिरत नाहीये. दोन्ही गरम आहेत आणि तरी गाडी गॅसवर जात नाही, तर मग तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची, लॅपटॉप जोडला की किती अंश दाखवतोय ते लगेच कळतं. कूलंटची ही भानगड गॅसवाल्यांनी जरा मनावर घ्यावी, कारण पाणी कमी झाल्याची पहिली खबर टेम्परेचरच्या काट्याच्या आधी या रिड्युसरकडून मिळू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे, गाडी गॅसवरून पेट्रोलवर कधी येते. रिड्युसरच्या पुढे, गॅस इंजेक्टरांच्या रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना गॅस पुरवणाऱ्या नळीवर, एक प्रेशर सेन्सर असतो. ईसीयूचं लक्ष त्याच्याकडे. तिथे साधारण २ बार हवेत, आणि सेटिंगमध्ये एक किमान आकडा दिलेला असतो, समजा १.३ बार. रेलमधला दाब त्याच्या खाली गेला आणि सेकंदाचा काही भाग तसाच राहिला की ईसीयू पुढचा विचार करत नाही, पेट्रोल इंजेक्टर चालू, गॅस बंद, बझर. डिकीतल्या सिलेंडरमध्ये किती गॅस आहे, लाइट किती लागलेत, हे तो निर्णय घेताना बहुतेक वेळा बघतच नाही. त्याचा प्रश्न एकच, इंजिनाला आत्ता, या क्षणाला, पुरेसा गॅस मिळतोय का.

एक उदाहरण घेऊ. सिलेंडर ६० लिटर पाण्याच्या मापाचा. वापरून वापरून आत १८ बार दाब उरलाय, म्हणजे साधारण पाऊण किलो गॅस. सपाट रस्त्यावर ४० च्या स्पीडने गाडी चाललीये, इंजिन गॅस थोडाच मागतंय, १८ बारवरून २ बार करून तेवढा गॅस द्यायला रिड्युसरला काहीच जड नाही. आता समोर चढ आला, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, आरपीएम ४००० कडे. इंजिनाची भूक एकदम कितीतरी पटीने वाढली, पण रिड्युसरच्या मागून ढकलायला फक्त १८ बार आहेत, त्या बारीक पाइपातून आणि व्हॉल्व्हमधून तेवढा गॅस तितक्या झपाट्याने येतच नाही. रेलमधला दाब २ वरून १.८, १.५ असा उतरतो, ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून भरपाई करायचा प्रयत्न करतो, १.३ च्या खाली गेला की हात टेकतो. बीप. पेट्रोल. चढ संपून तुम्ही सपाटीला आलात आणि बटण दाबून परत गॅसवर टाकली तर जाते, आणि अजून काही किलोमीटर आरामात चालतेसुद्धा, कारण पाऊण किलो गॅस आतच होता. म्हणजे "गॅस संपला" असा काही एक ठरावीक क्षण नसतोच, तुम्ही पाय किती दाबता त्यावर तो क्षण मागेपुढे होतो.

हा उरलेला पाऊण किलो पिळून काढायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माझं मत स्पष्ट आहे, नादी लागू नये. दाब उतरत असताना मिश्रण क्षणभर पातळ होतं, ओव्हरटेक करताना नेमकं पिकअप जातं, आणि वाचतात किती तर दहा-बारा किलोमीटर. बझर वाजला की एकदा बटण दाबायचं, बझर गप्प होतो आणि स्विच पेट्रोलवर पक्का होतो. हे न करता गाडी बंद करून परत चालू केली तर कित्येक किट आपलं मागचं विसरतात, परत गॅसवर जायचा प्रयत्न करतात आणि परत बीप.

पण हेच जर सिलेंडर भरलेला असताना होत असेल तर मामला वेगळा. मॅनोमीटर, म्हणजे बोनेटखाली गॅसच्या लाइनवर असतं ते काट्याचं गोल घड्याळ, १२० बार दाखवतंय, स्विचवर तीन लाइट, आणि तरी जोरात ॲक्सिलेटर दिला की पेट्रोलवर. इथे गॅस भरपूर आहे पण वाट अडलीये. पहिला संशय गॅस फिल्टरवर, तो बदलायचा राहून गेलेला असतो आणि कॉम्प्रेसरच्या तेलाने चिकट होऊन बसतो. दुसरा संशय सिलेंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिल्याचा, विशेषतः नुकतीच टेस्टिंग किंवा दुरुस्ती झाली असेल तर. हा व्हॉल्व्ह उघडतानाही सावकाश उघडायचा, कारण आत एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह असेल तर एकदम गॅस सुटला की त्याला पाइप फुटल्यासारखं वाटतं आणि तो स्वतःच वाट बंद करून टाकतो. तिसरा, सोलेनॉइडची कॉइल अशक्त झालेली. चौथा, रिड्युसरच. अडलेली वाट ओळखायची एक छान खूण आहे जी फारसं कोणी सांगत नाही: लेव्हलचा सेन्सर बहुतेक वेळा रिड्युसरच्या तोंडाशी बसवलेला असतो, सिलेंडरवर नाही. त्यामुळे सिलेंडर आणि रिड्युसरच्या मध्ये कुठे अडथळा असेल तर जोरात पळवताना तिथला दाब पडतो आणि लाइट तीनवरून दोनवर येतात, आणि पाय काढून आयडलला आणलं की थोड्या वेळात परत तीन. पेट्रोलच्या टाकीत इंधन हिंदकळतं म्हणून काटा हलतो तसं गॅसचं होत नाही, दाब काही वळणावर हिंदकळत नाही. म्हणून लाइट पायाबरोबर खालीवर होत असतील तर गेज बिघडलं म्हणून सोडून देऊ नका, ते खरं बोलतंय.

आता लाइटांकडे. चार हिरवे आणि एक लाल, हे जवळपास सगळीकडे तसंच. सगळ्यात आधी एक गैरसमज. "गॅसचं असंच असतं, पहिले दोन लाइट भराभर जातात आणि शेवटचा संपता संपत नाही, कारण प्रेशरचा हिशोब सरळ नसतो" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रेशरचा हिशोब बऱ्यापैकी सरळच असतो. त्याच ६० लिटरच्या सिलेंडरमध्ये खोलीच्या तापमानाला २०० बारला सव्वानऊ किलोच्या आसपास गॅस मावतो आणि १०० बारला साडेचार किलोच्या आसपास. म्हणजे दाब निम्मा तर गॅसही साधारण निम्मा, किंचित कमी. यात पहिले दोन लाइट पळून जावेत असं काही नाही. लाइट जर वेडेवाकडे जात असतील तर कारण दोनच, एक तापमान आणि दुसरं सेटिंग.

तापमानाचं असं, की झपाट्याने गॅस भरताना सिलेंडरमधला गॅस दबून गरम होतो. पंपावरच्या काट्याने २०० दाखवले तेव्हा आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंश, कधी त्याहून जास्त गरम असू शकतो. गाडी तासभर उभी राहिली, गॅस थंड झाला, की दाब सहज पंधरा-वीस बारने उतरतो. गॅस कुठेही गेलेला नाही, लीकेज नाही, पंपवाल्याने कमीही मोजलेला नाही कारण त्याचं मीटर वजन मोजतं. पण मुळात २०० बारवर जेवढा मावायला हवा होता तेवढा आत गेलाच नाही, म्हणून उन्हाळ्यात गॅस कमी भरल्यासारखा वाटतो. त्याच कारणाने रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीचा एखादा लाइट सकाळी कमी दिसतो आणि दुपारी उन्हात डिकी तापली की तो परत येतो. हा खेळ नेहमी लाइटच्या काठावर दाब असला तरच दिसतो.

सेटिंगचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. लेव्हलचा सेन्सर दाब मोजून ईसीयूला एक व्होल्टेज पाठवतो, बस. किती व्होल्टेजला कुठला लाइट लावायचा हे सॉफ्टवेअरमध्ये भरावं लागतं, आणि सेन्सर पन्नास प्रकारचे मिळतात. काहींमध्ये दाब वाढला की व्होल्टेज वाढतं, काहींमध्ये उलट कमी होतं. किट बसवणाऱ्याने घाईत सेन्सरचा प्रकार न बघता जे आधीपासून भरलेलं होतं तेच ठेवलं की गंमत सुरू.

समजा तुमचा सेन्सर ० बारला ०.५ व्होल्ट आणि ३०० बारला ४.५ व्होल्ट देतो. म्हणजे २०० बारला सुमारे ३.१७ व्होल्ट. आणि सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरलेत १, २, ३ आणि ४ व्होल्ट, म्हणजे १ च्या खाली लाल, १ ते २ एक हिरवा, २ ते ३ दोन, ३ ते ४ तीन, आणि ४ च्या वर चार. आता काय होईल बघा. चौथा लाइट लागायला ४ व्होल्ट हवेत, ते म्हणजे २६० बारच्या वर, एवढा दाब तुम्ही कधी भरणारच नाही. म्हणजे टाकी फुल करून आलात तरी तीनच लाइट, आणि पंपवाला चोर. तिसरा लाइट ३ व्होल्टला जातो, म्हणजे साधारण १८८ बारला. २०० वरून १८८, हा फरक नुसता गॅस थंड होण्यातच निघून गेला, गाडी घरी लावून सकाळी बघितली तर दोनच लाइट. मग गॅस लीक होतोय म्हणून साबणाचं पाणी लावून तपासणं सुरू. त्यानंतर दोन लाइट बराच काळ टिकतात, ११२ बारपर्यंत, आणि मग एकच लाइट ३८ बारपर्यंत. ३८ बारला लाल लागतो तेव्हा आत अजून दीड किलो गॅस आहे, किलोला २० किलोमीटर धरले तर ३० किलोमीटर. इथेच तो "लाल लागून कधीचा झाला तरी गाडी पळतेच आहे" वाला अनुभव येतो. सेन्सर उत्तम, किट उत्तम, फक्त चार आकडे चुकीचे.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे आणि नवीन सेन्सर विकत घ्यायची गरज नाही. किटच्या माणसाकडे लॅपटॉप जोडला की लेव्हलच्या सेन्सरचं लाइव्ह व्होल्टेज स्क्रीनवर दिसतं. त्याच वेळी बोनेटखालच्या मॅनोमीटरवर किती बार आहेत ते वाचायचं. टाकी भरून गाडी थंड झाल्यावर एक जोडी लिहून घ्या, समजा १८० बारला २.९ व्होल्ट, आणि टाकी बरीच खाली आल्यावर दुसरी जोडी, समजा ३० बारला ०.९ व्होल्ट. या दोन बिंदूंमध्ये हिशोब सरळ रेषेत आहे, मधले आकडे कागदावर काढता येतात. मग या सेन्सरला १५० बारच्या वर चार लाइट म्हणजे २.५ व्होल्ट, १०० च्या वर तीन म्हणजे १.८३, ६० च्या वर दोन म्हणजे १.३, ३० च्या वर एक म्हणजे ०.९, आणि त्याच्या खाली लाल. पहिला आकडा मी मुद्दाम २०० नाही तर १५० धरलाय, कारण थंड झालेल्या फुल टाकीतसुद्धा चारही लाइट दिसायला हवेत. आणि लाल लाइट ३० बारला, म्हणजे लाल लागल्यावर साधारण सव्वा किलो गॅस हातात आणि पुढचा पंप गाठायला वेळ. लाल अजून उशिरा लागावा असं ज्यांना वाटतं त्यांनी वरचं १८ बारवालं उदाहरण परत वाचावं, मग लाइट लाल व्हायच्या आधीच चढावर गाडी पेट्रोलवर येईल आणि परत तोच प्रश्न.

मॅनोमीटर नसेल किंवा त्याची काच धुरकट झाली असेल तर काम थोडं लांबतं पण अडत नाही. गॅस भरताना पंपावरच्या काट्याचा दाब आणि नंतर किती किलो बसला ती पावती, एवढ्यावरही अंदाज येतो. आपल्यापुरतं सोपं म्हणजे लाइटच्या भरवशावर न राहता ट्रिप मीटर शून्य करायचं दर भरण्याला. लाइट हे ढोबळ असतात, पाचच पायऱ्या, ट्रिप मीटर त्यापेक्षा बरं.

राहता राहिला पेट्रोलचा काटा. त्याचं आणि गॅसच्या लाइटांचं काही नातं नाही, तो टाकीतल्या तरंगणाऱ्या फ्लोटवरून चालतो. "मी तर पूर्ण महिना गॅसवर चालवली तरी पेट्रोल कमी कसं झालं" तर प्रत्येक थंड स्टार्टला दोन-तीन मिनिटं ते जळतंच, आणि दिवसात चार वेळा जवळजवळचीच कामं असतील तर गाडी गरम होऊन गॅसवर जायच्या आतच तुम्ही पोचता. काही किटमध्ये जास्त आरपीएमला गॅसबरोबर थोडं पेट्रोलही सोडायची सेटिंग असते, ती चालू आहे का विचारून घ्या. उलट गॅसवर असताना पेट्रोल झपाट्याने उतरत असेल, गाडीला पेट्रोलचा वास येत असेल आणि गॅसचंही ॲव्हरेज बिघडलं असेल, तर पेट्रोल इंजेक्टर नीट बंद होत नाहीयेत, तेव्हा उशीर करू नका.

डिस्प्लेवर "अजून इतके किलोमीटर जाईल" असा जो आकडा येतो तो नंतर किट बसवलेल्या गाडीत सरळ दुर्लक्ष करण्याच्या लायकीचा. मूळ ईसीयूला वाटतंय पेट्रोल जळतंय, तो त्याच्या हिशोबाने खर्च मोजत बसतो, आणि इकडे फ्लोट म्हणतो टाकी आहे तेवढीच आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही, मग आकडा कधी फुगतो कधी एकदम आपटतो. कंपनी फिटेड गाडीत दोन्ही इंधनांचे आकडे वेगळे दिसतात आणि ते बऱ्यापैकी खरे असतात.

आणि काटा तळाला ठेवून फिरायची सवय असेल तर ती मोडा. बऱ्याच गाड्यांमध्ये गॅसवर चालतानाही टाकीतला पेट्रोल पंप फिरतच असतो, आणि त्याला थंड ठेवायचं काम भोवतालचं पेट्रोलच करतं. टाकी कोरडी पडली की पंप तापून जळतो. पाव टाकी कायम ठेवायची, आणि आठवड्यातून एकदा थोडी गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवायची, म्हणजे तेच पेट्रोल महिनोन्महिने शिळं होत पडत नाही आणि इंजेक्टरही चिकटत नाहीत. पेट्रोलवर टाकल्यावर पहिले एक-दोन किलोमीटर गाडी जरा अडखळली तर लगेच घाबरू नका, मूळ ईसीयूने गॅसवर चालताना मिश्रणाची जी दुरुस्ती शिकून ठेवलेली असते ती त्याला परत बदलावी लागते. पाच-सात किलोमीटरनंतरही अडखळतच असेल तर मात्र गॅसचं मॅपिंग पेट्रोलपासून लांब गेलंय, आणि तेव्हा ट्यूनिंगवाल्याकडे जायला खरंच कारण आहे.